बारा वाजून दहा मिनिटं

आमच्या इमारतीच्या जिन्यात, चौथ्या आणि पाचव्या मजल्यामधल्या वळणावर, एक कधीच न उघडणारी काचेची खिडकी आहे. तिच्या वरच्या छज्ज्याला जानेवारीच्या शेवटी आग्या मोहोळ लागलं. नागपूरच्या प्रतापनगरात ही काही नवलाची गोष्ट नाही. पाण्याची टाकी, बँकेची कमान, जुना पिंपळ, उंच जागा दिसली की आग्या माश्या येतात आणि ऋतू बदलला की निघून जातात. नवल होतं ते खिडकीचं. एरवी ज्या मोहोळाच्या जवळपास फिरकायची हिंमत होत नाही, ते माझ्या नाकापासून दोन हातांवर होतं आणि मध्ये काच होती.

आग्या मोहोळात पोळं दिसत नाही. दिसतो तो माश्यांचा पडदा, एकीवर एक, डोकं वर आणि पोट खाली करून लटकलेल्या. घार किंवा कावळा जवळून गेला की त्या पडद्यावरून एक चमकदार लाट सरकते. क्रिकेटच्या मैदानात प्रेक्षक उठतात-बसतात, तशी. पण पडद्याच्या खालच्या एका कोपऱ्यात सतत वर्दळ असते. बाहेरून आलेल्या माश्या तिथेच उतरतात, तिथूनच उडतात. मोहोळाचं तोंड म्हणतात त्याला. नाच तिथे होतो.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, माशीला काही तरी झालंय. ती एका सरळ रेषेत थोडंसं चालायची आणि चालताना पोट डावी-उजवीकडे इतक्या वेगानं हलवायची की पोटाच्या जागी नुसता धूसर ठिपका दिसायचा. मग थांबून उजवीकडून अर्धा गोल घेत परत सुरुवातीच्या जागी. पुन्हा तीच सरळ थरथरती धाव, आता डावीकडून अर्धा गोल. मराठी आठ नाही, इंग्रजी आठचा आकडा आडवा टाकावा तसा रस्ता. तिच्या मागे चार-पाच जणी मिशा लावून फरफटत होत्या. शास्त्रज्ञ याला वॅगल डान्स म्हणतात. मी घरात थरथर-नाच म्हणायला लागले, आणि तेच नाव टिकलं.

या नाचाचा अर्थ लावला कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन माणसानं, आणि त्यासाठी १९७३ साली त्याला दोघांबरोबर वाटून नोबेल मिळालं. मला त्याच्या शोधापेक्षा त्याची चूक जास्त आवडते. १९२०च्या दशकात त्यानं दोन नाच पाहिले, एक नुसता गोल आणि एक थरथरता, आणि ठरवलं की गोल नाच म्हणजे मकरंद, थरथर म्हणजे पराग. वीसेक वर्षं तो हेच मानत होता. चूक का झाली? साखरपाण्याची वाटी तो मधमाश्यांच्या पेटीच्या अगदी जवळ ठेवायचा, आणि पराग आणणाऱ्या माश्या मात्र लांबून यायच्या. १९४४ साली वाटी लांब नेली, तेव्हा साखरपाण्यावरच्या माश्याही थरथरायला लागल्या. फरक मालाचा नव्हता, अंतराचा होता. जवळचं असेल तर गोल, लांबचं असेल तर थरथर. आणि थरथरीत नुसतं 'लांब आहे' एवढंच नव्हतं, पूर्ण पत्ता होता.

मी चित्रकलेची शिक्षिका. वडील भूमापनात होते. त्यांचा ओळंबा अजून आमच्या कपाटात आहे, पितळी, टोकाला थोडा चेमटलेला. तो मी खिडकीच्या चौकटीला टांगला, दोरी काचेवर यायला हवी अशी. शाळेतला मोठा कोनमापक चिकटपट्टीनं काचेवर बसवला. शेजारचे देशपांडे काका जिन्यातून वर जाताना थांबले, म्हणाले, "मॅडम, भिंत वाकडी झाली का?" मी म्हटलं, नाही, माशी सरळ चालते का ते पाहतेय. काका काही न बोलता वर गेले.

ओळंबा का, ते सांगते, कारण सगळी गंमत त्यातच आहे. माशीला उडताना दिशा कळते ती सूर्यावरून. पण पोळं उभं लटकलेलं असतं, आणि उभ्या भिंतीवर उभं राहून वायव्येकडे बोट कसं दाखवणार? माश्यांनी त्यावर काढलेली युक्ती अशी: सरळ वर म्हणजे सूर्याची दिशा. डोक्यावरच्या सूर्याची नव्हे, सूर्याखाली क्षितिजावर जी जागा येते तिची. थरथरती धाव सरळ वर असेल तर सूर्याच्या दिशेनं उडा. सरळ खाली असेल तर सूर्याकडे पाठ करा. वरच्या रेषेच्या उजवीकडे चाळीस अंश असेल तर सूर्याच्या उजवीकडे चाळीस अंश. आकाशातला कोन पोळ्यावर उतरवायचा आणि सूर्याच्या जागी गुरुत्वाकर्षण ठेवायचं. आमच्या घरी ओळंबा हे जमिनीच्या लोकांचं हत्यार मानतात. या माश्यांच्या शरीरात तो जन्मतः बसवलेला आहे.

१० मार्च, रविवार. सकाळी नऊ चोवीस. (वेळ इतकी नेमकी, कारण मोबाईलनं चित्रफितीवर ती छापली.) एक माशी तोंडाजवळ उतरली आणि नाचायला लागली. मी मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये टिपलं, सेकंदाला २४० चौकटी. नंतर घरी बसून एकेक चौकट पुढे सरकवत धावांचे कोन मोजले. पहिली धाव ओळंब्याच्या खालच्या टोकापासून तीन अंश डावीकडे. दुसरी सतरा अंश डावीकडे. तिसरी दोन अंश उजवीकडे. चौथी बावीस अंश डावीकडे.

इथे मी जरा खचले. एकच माशी, एकच पत्ता, आणि चार धावांत चोवीस अंशांचा फरक? मग वाचलं की हे असंच असतं. एकेका धावेत माशी दहा-पंधरा अंश इकडेतिकडे होते, म्हणून अभ्यासक कधीच एका धावेवर विसंबत नाहीत, निदान चार-पाच धावांची सरासरी घेतात. मागे लागलेल्या माश्याही एकच धाव पाहून उडत नाहीत, अनेक धावा अनुसरतात. माझी सरासरी आली दहा अंश डावीकडे. त्या वेळी नागपुरात सूर्य उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं ११५ अंशांवर होता, म्हणजे पूर्वेच्या जरा दक्षिणेला. त्याची पाठ २९५ अंश. खालच्या टोकाची डावी बाजू म्हणजे घड्याळाच्याच दिशेनं पुढे, म्हणून त्यात दहा मिळवले की ३०५. वायव्येच्या थोडं पश्चिमेकडे.

दुपारी तीन चोवीसला पुन्हा खिडकीशी गेले. माशी तीच होती की दुसरी, देव जाणे. पण आता धाव खाली नव्हतीच. ती वरच्या रेषेच्या उजवीकडे, साधारण साठ अंशांवर होती. क्षणभर वाटलं, सकाळचं झाड संपलं, आता नवीन पत्ता. मग सूर्य पाहिला: २४५ अंश. अधिक साठ. ३०५.

मी जिन्यात एकटीच हसले. नाच पूर्ण बदलला होता आणि पत्ता तोच होता. माशी सकाळचा कोन पाठ करून ठेवत नाही. सूर्य सरकला तसा ती नाच वळवत राहते. पोळ्यावर तासन्‌तास नाचणाऱ्या माश्यांचे नाच तर उडून बाहेर सूर्य न पाहताही हळूहळू वळत जातात, कारण सूर्य किती वाजता कुठे असतो याचं वेळापत्रक तिच्याजवळ असतं. हे वेळापत्रक पुढे लागणार आहे.

अंतर राहिलं. ते थरथरीच्या लांबीत असतं. जितका वेळ पोट हलतं तितकं लांब. माझ्या धावा सरासरी ४३० चौकटींच्या आल्या, म्हणजे पावणेदोन सेकंदांहून थोड्या जास्त. पेटीतल्या युरोपीय माशीसाठी ढोबळ हिशेब एका सेकंदाला एक किलोमीटर असा आहे. पण तो आग्या माशीला लावता येत नाही. २०२०मध्ये छापलेल्या एका अभ्यासात बेंगळुरूला एकाच परिसरात सातेरी, फुलोरी आणि आग्या या तिघींचे नाच मोजले गेले. एकाच अंतरासाठी सातेरी सगळ्यांत जास्त वेळ थरथरते, फुलोरी त्याहून कमी, आणि आग्या सगळ्यांत कमी. जी लांब जाते तिचं माप ढोबळ, जी जवळपासच फिरते तिचं बारीक. घरातल्या घरात आपण पावलांनी मोजतो आणि गावाला जाताना मैलांनी, तसंच.

तरी माशीला अंतर कळतं कसं, याचं उत्तर मला जास्त विलक्षण वाटतं. ती पंखांचे ठोके मोजत नाही, थकवाही मोजत नाही. डोळ्यांखालून किती दृश्य सरकलं ते मोजते. मंड्यम श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०००मध्ये दाखवलेला प्रयोग साधा आहे: माश्यांना सहा मीटर लांबीच्या अरुंद, नक्षीदार भिंतींच्या बोगद्यातून उडवलं. भिंती अगदी जवळ, म्हणून नक्षी भराभर मागे गेली. पेटीत येऊन त्या माश्यांनी जो नाच केला तो दोनेकशे मीटरचा होता. फसल्या बिचाऱ्या. मेट्रोतून वर्धा रोडनं जाताना खांब डोळ्यांसमोरून झपाट्यानं जातात आणि तेच आउटर रिंग रोडला शेतातून जाताना गाडी उभीच आहे असं वाटतं, तसा हा प्रकार.

तर माझा पत्ता असा झाला: वायव्येच्या थोडं पश्चिमेला, दोन किलोमीटर किंवा त्याहून थोडं जास्त. कागदावर रेघ ओढली तर ती अंबाझरी तलावाकडे जात होती. रविवारच होता. भाच्याला स्कूटरवर घेतलं.

तलावाच्या बाजूच्या झाडीत पळस पेटला होता. पानं जवळजवळ नाहीतच, नुसती केशरी फुलं. त्याच्या जरा पुढे एक काटेसावर होती, अर्धी फुलं खाली पडलेली. आणि तिच्यावर आग्या माश्या होत्या, भरपूर. भाचा म्हणाला, "मावशी, या आपल्याच का?" काय सांगणार? दहा अंशांची चूक दोन किलोमीटरवर साडेतीनशे मीटर होते. त्या साडेतीनशे मीटरांत पळसाची पन्नास झाडं होती आणि मोहोळं किती होती ते माहीत नाही. माशीला हा प्रश्न पडत नाही. पत्ता तिला परिसरापर्यंत आणतो, पुढचं काम वास करतो. नाचणारीच्या अंगाला चिकटलेला फुलाचा वास मागे लागलेल्यांनी आधीच घेतलेला असतो.

वास आणि नाच यांवरून मोठं भांडण झालेलं आहे. १९६०च्या दशकापासून एक अमेरिकन गट म्हणत राहिला की नाचात पत्ता असेलही, पण माश्या तो वाचत नाहीत, नुसत्या वासावर जातात. हे पुष्कळ अंशी मिटवणारा प्रयोग २००५ साली इंग्लंडमध्ये झाला. नाच पाहून निघालेल्या माश्यांच्या पाठीवर बारीक अँटेना चिकटवली आणि रडारवर त्यांचा मार्ग पाहिला. काही माश्यांना निघतानाच डबीत पकडून भलतीकडे नेऊन सोडलं. त्या तिथून, सांगितलेल्याच दिशेनं, सांगितलेल्याच अंतरापर्यंत उडाल्या आणि जिथे काहीच नव्हतं अशा जागी पोचून शोधत बसल्या. पत्ता बरोबर वाचला होता, सुरुवात दुसऱ्यानं हलवली होती.

पण मग हे सगळं करायचं कशासाठी, हा प्रश्न मला त्या पळसाखाली पडला. भुंग्यांकडे असा नाच नाही, मुंग्याही नाचत नाहीत, त्यांचं चालतं. याची परीक्षा घ्यायची तर नाचातला पत्ता काढून टाकायचा आणि मोहोळाचं काय होतं ते पाहायचं. आन्ना डोर्नहाउस आणि लार्स चिटका यांनी तेच केलं, २००४मध्ये ते छापून आलं. पेटीतली पोळी आडवी ठेवली आणि अंधार केला. आडव्या पोळ्यावर 'वर' उरत नाही, अंधारात सूर्यही नाही. माश्या नाचत राहिल्या, पण धावा वाटेल तिकडे. युरोपातल्या परिसरात याचा कमाईवर फारसा फरक पडला नाही. भारतातल्या उष्ण जंगलात मात्र फरक मोठा पडला, पत्ता गेला की कमाई घसरली.

कारण विचारायला लांब जावं लागत नाही. युरोपातल्या कुरणात फुलं सगळीकडे थोडी थोडी पसरलेली असतात, कुठेही उडालं तरी काहीतरी मिळतं. आपल्याकडे झाड फुलतं. पानझडीच्या जंगलात, आणि नागपूर म्हणजे त्याच जंगलात वसलेलं शहर, काटेसावर दोन-तीन आठवडे फुलते, पळस तसाच, मग मोह, कडुनिंब, करंज. एक झाड म्हणजे हजारो फुलं एका जागी, आणि शेजारचं झाड कदाचित कोरडं. अशा ठिकाणी ज्या एका माशीला झाड सापडलं तिचा पत्ता लाखमोलाचा. आणि तोही थोड्याच दिवसांसाठी.

यात एक आडमुठी गोष्ट आहे, ती मला फार माणसासारखी वाटते. नाच पाहणाऱ्या पुष्कळशा माश्या सांगितलेल्या पत्त्यावर जातच नाहीत. नाचणारीच्या अंगाचा ओळखीचा वास येतो, आणि त्या कालच्याच आपल्या झाडाकडे निघतात. नव्यानं कामाला लागलेली किंवा झाड संपलेली माशीच पूर्ण पत्ता ऐकून घेते. आमच्या इमारतीच्या सभेतही असंच असतं.

त्या सभेवरूनच आठवलं. एप्रिलमध्ये ठराव झाला. मुलं जिन्यात खेळतात, कोणाला काही झालं तर जबाबदार कोण. हा प्रश्न खोटा नव्हता, आग्या माशी चिडली तर खरोखरच माणूस मरतो. मी म्हटलं, दोन महिन्यांत त्या आपणहून जातील. हात वर झाले. एका रात्री दोघं आले, धूर केला. सकाळी खिडकीच्या बाहेर छज्ज्याला फक्त मेणाची एक पांढुरकी अर्धवर्तुळाकार खूण होती आणि खाली पार्किंगमध्ये मेलेल्या माश्या झाडूनं एका बाजूला केलेल्या होत्या. ओळंबा मी काढून कपाटात ठेवला.

मला खरं तर मे महिन्यासाठी ते मोहोळ हवं होतं.

का, ते सांगते. मघाच्या सगळ्या हिशेबात एक जागा पोकळ आहे. नाच सूर्याच्या दिशेवर उभा आहे, आणि सूर्य अगदी डोक्यावर आला तर त्याला दिशाच नसते. ओळंबा धरून उभं राहा आणि सांगा, सूर्य कोणत्या बाजूला आहे? कुठल्याच नाही. जर्मनीत हा प्रश्न येत नाही, तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. मार्टिन लिंडाउअर हा फॉन फ्रिशचा शिष्य १९५०च्या दशकात सिलोनला गेला, तिथे त्याला हा प्रश्न भेटला. सूर्य माथ्यापासून दोन-तीन अंशांच्या आत आला की नाचांच्या दिशा विस्कटत होत्या.

नागपूर कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला आहे, अक्षांश साधारण २१.१५. वर्षातून दोनदा इथे सूर्य बरोब्बर माथ्यावर येतो, २६ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर. शून्य सावलीचा दिवस म्हणून वर्तमानपत्रात बातमी येते, मुलं बाटल्या उभ्या करून फोटो काढतात. मी वडिलांच्या पद्धतीनं हिशेब केला. २६ मेला सूर्य माथ्यावर येतो ती वेळ घड्याळात बारा दहा. बाराच्या अलीकडे दोन मिनिटं ते बारा तेवीस, एवढा सगळा वेळ तो माथ्यापासून तीन अंशांच्या आत असतो. आणि फक्त त्याच दिवशी नाही. साधारण १३ मेपासून ३० जुलैपर्यंत रोज दुपारी थोडा वेळ तो या तीन अंशांत शिरतो, कारण आपल्याकडे तो माथ्याच्या उत्तरेला गेला तरी फार लांब जात नाही. जून महिन्यात नागपूरच्या भर दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, ही गोष्ट पन्नास वर्षं या गावात राहूनही मला माहीत नव्हती.

आता माशीच्या वेळापत्रकाचा विचार करा. त्या दिवशी पावणेबाराला सूर्य पूर्वेला, साडेबाराला पश्चिमेला. मधल्या वेळात दक्षिणेला जाऊन सावकाश वळसा घेणं नाही, नुसती उडी. अमेरिकेत फ्रेड डायर आणि जेफ्री डिकिन्सन यांनी १९९४मध्ये दाखवलेली गोष्ट यापुढे ठेवा: ज्या माश्यांना आयुष्यात फक्त संध्याकाळचा सूर्य पाहू दिला होता, त्यांना ढगाळ दिवशी सकाळी सोडलं तर त्या असं नाचल्या जणू सूर्य संध्याकाळच्या जागेच्या बरोबर समोर, पूर्वेकडे आहे. म्हणजे शिकण्याआधीच माशीकडे एक कच्चा आराखडा असतो, सकाळी एका बाजूला, दुपारनंतर समोरच्या बाजूला, मध्ये उडी. जर्मनीच्या सूर्याला तो आराखडा नीट बसत नाही, पुढे शिकून दुरुस्त करावा लागतो. मेमधल्या नागपूरच्या सूर्याला तो जवळजवळ जसाच्या तसा बसतो. यावरून माश्यांचं मूळ गाव उष्ण कटिबंधात असं काही ठाम म्हणायचं नाही मला, पण मनात आलं खरं.

मोहोळ गेलं होतं. आईच्या घरी, महाल भागात, अंगणातल्या लिंबाच्या झाडाला फुलोरी माश्यांचं पोळं होतं, तळहाताएवढं. मी तिकडे गेले.

फुलोरीचं पोळं फांदीभोवती गुंडाळलेलं असतं, आणि फांदीच्या वर त्याचा माथा रुंद होऊन एक छोटा ओटा तयार होतो. दोन्ही बाजूंना फांदीवर चिकट डिंकाची कडी, मुंग्यांसाठी. नाच या ओट्यावर होतो, उघड्यावर, आडवा. म्हणून इथे ओळंबा लागत नाही. माशी जिकडे धावते तिकडेच फूल. सूर्याच्या जागी दुसरं काही ठेवायची भानगडच नाही, ती सरळ बोट दाखवते. बऱ्याच अभ्यासकांचा कयास आहे की थरथर-नाचाची सुरुवात अशीच झाली असावी, उडायच्या आधी उडण्याची रंगीत तालीम, आणि पोळं उभं झालं, अंधारात गेलं तसं तिचं भाषांतर होत गेलं. पण बोट दाखवायलाही बहुधा आकाशच लागतं, आणि बारा दहाला आकाशात पूर्व-पश्चिम काही उरत नाही.

२६ मेला साडेअकरापासून मी लिंबाजवळ पाटावर बसले. ऊन असं की पायरीला हात लावता येत नव्हता. आईनं दारातून पाहिलं. "काहून उन्हात बसली वं? माश्या का पळून चालल्या?" मग आतून ओला पंचा आणून डोक्यावर टाकला आणि तांब्याभर पाणी ठेवून गेली. तांब्याच्या सावलीकडे माझं लक्ष होतं.

अकरा चाळीसला एक माशी नाचत होती, ओट्याच्या कडेला, धावा सगळ्या शेजारच्या घराच्या कडुनिंबाकडे. फूल होतं की पाणी, तिनं काय आणलं ते मला कळलं नाही. मेमध्ये पोळं थंड ठेवायला पाणीही आणतात. तिचे नाच आखीव होते. बारा पाचला दुसरी आली. पहिली धाव कडुनिंबाकडे, दुसरी विहिरीकडे, तिसरी माझ्याकडे. तिच्या मागे दोघी लागल्या होत्या, त्या पाचव्या धावेनंतर बाजूला झाल्या. एकाच माशीवरून काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. तांब्याभोवती तेव्हा सावलीच नव्हती, बुडाशी एक काळी कडी फक्त.

मग बराच वेळ कोणी नाचलं नाही. ओट्यावर माश्या नुसत्या बसून होत्या, पंख हलवत. आईनं हाक मारली, भात झाला. मी म्हटलं थांब.

बारा सत्तावीसला तांब्याच्या पूर्वेकडे नखाएवढी सावली निघाली. साडेबाराच्या आत एक माशी ओट्यावर उतरली, एक चक्कर मारली, आणि थरथरायला लागली. कडुनिंबाकडे.